पहिलं धनुष्य: २२ पौंड की ३२?

रिकर्व्ह घ्यायचं पक्कं झालंय, रायझरही ठरलाय, पण लिम्ब्स किती पौंडांचे घ्यायचे इथे गाडी अडलीय, अशा मोठ्या वयात तिरंदाजी सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी स्वतः आधी ३२ घेतले आणि पाच महिन्यांनी २२ वर उतरलो. तेव्हा माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

३२ चे फायदे खरे आहेत. बाण सपाट जातो, ३० मीटरच्या पुढे गेलात तरी साईट फार खाली उतरवावी लागत नाही, वाऱ्यात बाण कमी भरकटतो. दोरीसुद्धा बोटांतून स्वच्छ सुटते. २२ वर ती बोटांना चिकटून राहिल्यासारखी वाटते आणि मग बोटं मुद्दाम उघडायची वाईट सवय लागते. मला लागली होती, घालवायला महिना गेला.

लिम्बवरचा आकडा २८ इंच ओढीचा असतो. माझी ओढ साधारण २७ इंच. इंचामागे दोनेक पौंड धरले, तर माझ्या बोटांवर ३० च येत होते. दुकानात तीनदा ओढून पाहिलं तेव्हा ते अगदीच सोपं वाटलं. पण मैदानावर सहा-सहाच्या बारा फेऱ्या, म्हणजे ७२ बाण मारायचे, तर साडेतेरा किलो ७२ वेळा ओढायचे आणि प्रत्येक वेळी हनुवटीखाली थांबवून धरायचे.

माझं घोडं अडलं ते या थांबण्यात. माझा अँकर हनुवटीखालचा: तर्जनी जबड्याच्या हाडाला खालून घट्ट टेकलेली, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला लागलेली. पहिले दोन-तीन बाण हे सगळं जागेवर असायचं. चौथ्यापासून हात जबड्यापासून किंचित खाली लोंबायचा. त्याचा परिणाम केवढा होतो, ते हिशोब करून बघा. डोळा आणि साईट जागेवर आहेत, पण बाणाचं मागचं टोक ५ मिलिमीटर खाली आलं. डोळ्यापासून साईटपर्यंत सुमारे ७० सेंटीमीटर धरले, तर तेवढ्या फरकाने १८ मीटरवर बाण जवळजवळ १३ सेंटीमीटर वर लागतो. ८० सेंटीमीटरच्या टार्गेटवर एक वर्तुळ ४ सेंटीमीटर रुंद असतं. म्हणजे दहाच्या मधोमध जाणारा बाण थेट लाल पट्ट्यात, सातवर.

एवढंच असतं तर लक्षात आलं असतं. पण दमलेला हात नुसता खाली येत नाही, पुढेही सरकतो. ओढ अर्धा इंच कमी पडली की पौंडभर ताकद जाते आणि बाण खाली बसतो. माझा साधारण दीड वर्तुळ खाली बसायचा. कधी एक चूक, कधी दुसरी, आणि कधी दोन्ही एकदम होऊन एकमेकींना खाऊन टाकायच्या. मग यायचा नऊ! तो नऊ बघून वाटायचं, हा बाण बरा गेला. बाण खाली पडले की मी साईट खाली करायचो. पुढच्या फेरीत हात ताजा, की पहिले दोन बाण वर. पुन्हा साईट वर. महिनोन्महिने स्क्रूच फिरवत बसलो. शेवटी वैतागलो तो पडणाऱ्या गुणांवर नाही. चूक माझी की साईटची, हेच कळेना, यावर.

२२ वर आल्यावर गुण लगेच वाढले असं म्हणणार नाही. पण बाण एकत्र पडायला लागले. सहाही बाण निळ्यात डावीकडे लागले, तर ते दुरुस्त करता येतं. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेल्या सहांचं काय करणार?

२२ ची अडचण पैशांची आहे. वर्षभरात लिम्ब्स बदलावे लागतात, आणि वजन बरंच वाढलं की लवचिक बाणही चालत नाहीत, जास्त ताठ घ्यावे लागतात. क्लबमध्ये लिम्ब्स भाड्याने किंवा जुने मिळत असतील तर हा प्रश्न बराचसा सुटतो. अंगमेहनतीची सवय असलेल्या, खांदे-पाठ भक्कम असलेल्या माणसाला २६-२८ पासूनही जमेल बहुधा. थेट ३२ मात्र मी माझ्या धाकट्या भावालाही घेऊ देणार नाही, आणि तो रोज व्यायामशाळेत जातो.

ठरत नसेल तर एक करा. साठ बाण मारून झाल्यावर, दमलेले असताना, पूर्ण ओढून दहा आकडे मोजा आणि कुणाला तरी बाजूने मोबाईलवर चित्रित करायला सांगा. बाण दोरीवर असू द्या आणि तोंड टार्गेटकडेच ठेवा. दोरी रिकामी सोडू नका, हळूच परत आणा. मग पडद्यावर तर्जनी आणि जबडा यांच्यामधली फट बघा. माझ्या चित्रणात सहाव्या आकड्याला तिथून मागची भिंत दिसत होती.