स्क्वॉटला कुठले बूट, ट्रेडमिलला कुठले?

पावसाळ्यात तळजाईवरचं पळणं थांबलं की पुण्यात बरेच जण तेच रनिंग शूज घालून जिमला जातात आणि त्यांवरच स्क्वॉट मारतात. ट्रेडमिलसाठी हे बूट उत्तम. खांद्यावर बार घेतला की मात्र त्यांची मऊ टाच नडते.

७० किलोच्या माणसाने ६० किलोचा बार घेतला, तर प्रत्येक पायावर साधारण ६५ किलो येतात. पळताना एकाच पायावर क्षणभर वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पडतो, तोही हाच फोम सहज झेलतो. मग स्क्वॉटमध्ये काय बिघडतं? पळताना पाऊल पाव सेकंदात उचललं जातं, फोम दबतो आणि परत फुगतो. स्क्वॉटमध्ये भार तीन-चार सेकंद तिथेच असतो आणि खाली जाताना टाच, चवडा, आतली कड असा थोडाथोडा सरकत राहतो. जिकडे सरकेल तिकडे फोम आणखी दबतो. पाऊल आत कललं की गुडघाही आत येतो, आणि जो जोर बार वर न्यायला हवा तो तोल सावरण्यात जातो.

खात्री करायची असेल तर मोबाइल मागे जमिनीलगत ठेवून शूटिंग करा. बुटाची टाच आत झुकते का, सोलच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात का, ते पाहा. मग तेच वजन सपाट, कडक सोलच्या बुटांत घ्या. फरक दिसला नाही, तर तुमच्या सध्याच्या वजनाला नवे बूट घ्यायची घाई नाही. मशीनवर बसून व्यायाम करणाऱ्यांनाही नाही.

फरक दिसला, तर साधे सपाट कॅनव्हास बूट बहुतेकांना पुरतात. डेडलिफ्टला तर तेच बरे, कारण जाड सोलमुळे माणूस उंच होतो आणि बार तेवढा जास्त ओढावा लागतो. कडक, उंच टाचेचे लिफ्टिंग शूज महाग असतात. ते घेण्याआधी टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट्स ठेवून हलक्या वजनाने स्क्वॉट करून पाहा. तेवढ्याने पाठ सरळ राहून नीट खाली बसता आलं, तर घोटा कमी वाकतोय आणि त्या बुटांचा उपयोग होईल. नाही तर पैसे वाचवा.

उलट चूकही नको. सपाट बुटांत सवयीशिवाय अर्धा तास पळालात तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखणार. सायकल किंवा क्रॉस-ट्रेनरला काहीही चालतं, कारण तिथे पाऊल आपटतच नाही.

माझा कौल असा: आठवड्यात तीन दिवस वजनं आणि वॉर्मअपला दहा मिनिटं ट्रेडमिलवर चालणं असेल, तर सपाट जोडी घ्या. खरंच पळत असाल तर दोन जोड्या ठेवा. लक्ष्मी रोडवर घ्यायला गेलात, तर टाचेजवळचा सोल अंगठ्याने दाबून बघा. अंगठा रुतला, तर ती जोडी पळायची.