टॅलीवरचं छोटं डेटा वेअरहाउस: काही महिने वापरल्यानंतर

आमची कंपनी पॅकिंग मटेरियलच्या घाऊक विक्रीत आहे. ऑफिस महापे एमआयडीसीत, गोदाम तुर्भ्याला. हिशोब टॅलीत, ऑर्डरी एका वेगळ्या वेब अ‍ॅपमध्ये आणि ट्रान्सपोर्टचं भाडं एक्सेलमध्ये. तिन्हींतून एकच रिपोर्ट हवा म्हणून सल्लागार बोलावला, तर त्याने थेट क्लाउडवरच्या डेटा लेकचं कोटेशन पुढे केलं. ते आम्ही घेतलं नाही. त्याऐवजी पोस्टग्रेस डेटाबेसवर एक छोटं डेटा वेअरहाउस उभं केलं. त्याचा हा अनुभव.

आधी आकारमान बघू. दिवसाला दीडशे बिलं आणि प्रत्येक बिलात सरासरी पाच ओळी धरल्या तर रोज साडेसातशे ओळी होतात. कामाचे 300 दिवस धरले तर वर्षाला सव्वादोन लाख आणि पाच वर्षांत सव्वाअकरा लाख. पोस्टग्रेसला हे साध्या मशीनवरही जड नाही. लेक हवं असतं ते फोटो, गाड्यांचा जीपीएस, वेबसाइटचे लॉग असा नाना तऱ्हेचा डेटा भरमसाट येत असेल आणि त्याचं पुढे काय करायचं हे अजून ठरलं नसेल तेव्हा. तिथे डेटा येईल तसा ठेवतात आणि त्याची मांडणी वाचताना ठरवतात. वेअरहाउसमध्ये मांडणी आत घेतानाच ठरवावी लागते, आणि आमचं अडलं होतं ते नेमकं इथेच.

एक उदाहरण घ्या. एका पार्टीला जीएसटीसकट 1,18,000 रुपयांचं बिल गेलं. पुढे खराब रोलपोटी 10,000 रुपयांची क्रेडिट नोट निघाली, कर वेगळा. सेल्सवाले विक्री 1,18,000 सांगायचे आणि अकाउंट्स 90,000. खोटं कुणीच बोलत नव्हतं. वेअरहाउस बांधताना दोघांना समोरासमोर बसवून ठरवलं: विक्री म्हणजे कराआधीची रक्कम, वजा क्रेडिट नोट, बिलाच्या तारखेने. लेक घेतलं असतं तर दोन्ही आकडे तिथे सुखाने नांदले असते आणि भांडण आमच्याकडेच राहिलं असतं.

दुसरा फायदा इतिहासाचा. रबाळ्याची एक पार्टी ऑगस्टपासून दुसऱ्या सेल्समनकडे दिली. टॅलीच्या मास्टरमध्ये नाव बदललं, की एप्रिल ते जुलैची विक्रीही रिपोर्टात नव्या माणसाच्या खात्यावर दिसायची. इन्सेंटिव्हच्या वेळी यावरून किती तापायचं ते विचारू नका. आता बदल झाला की पार्टीची जुनी ओळ तारीख टाकून बंद होते, नवी ओळ सुरू होते, आणि बिल त्या तारखेला चालू असलेल्या ओळीला जोडलं जातं:

```sql
JOIN dim_party p
  ON p.party_id = s.party_id
 AND s.bill_date >= p.valid_from
 AND s.bill_date <  p.valid_to
```

डेटा मार्टसाठी, म्हणजे एकेका विभागापुरत्या डेटासाठी, वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. त्याच डेटाबेसमध्ये दोन व्ह्यू आहेत: सेल्सच्या व्ह्यूत पार्टी, माल आणि सेल्समन, अकाउंट्सच्या व्ह्यूत येणी आणि भाडं. दोन्ही एकाच मूळ टेबलावर उभे असल्याने विक्रीची बेरीज जुळते. विभागांनी आपापली एक्सेल मार्ट केली असती तर ती जुळली नसती.

लेकमधली एक गोष्ट मात्र आम्ही उचलली. टॅलीतून येणारी मूळ एक्सएमएल फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवतो. भाडं बिलातल्या ओळींवर वाटायची पद्धत मध्यंतरी बदलली, तेव्हा त्या फाइलींवरूनच मागचे महिने पुन्हा भरले. लेकची आमची गरज एवढ्यावर संपते.

खरा त्रास रोजच्या भरणीचा आहे. टॅलीत मागच्या तारखेच्या नोंदी सर्रास होतात, विशेषतः 11 तारखेच्या जीएसटीआर-1 च्या आधी. त्यामुळे 'कालची बिलं आण' म्हणून चालत नाही. प्रत्येक व्हाउचरवर `ALTERID` असतो आणि नोंद बदलली की तो वाढतो, म्हणून मागच्या वेळेपेक्षा मोठा आकडा असलेलं सगळं आणतो. पण काढून टाकलेलं व्हाउचर यात सापडत नाही. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांच्या `GUID` ची यादी रोज ताडून पाहतो आणि टॅलीत नसलेली ओळ रद्द म्हणून खूण करतो. शेवटी महिन्याची बेरीज टॅलीच्या विक्री खात्याशी जुळवतो. रुपयाचा फरक निघाला तर रिपोर्ट जात नाही.

ताज्या स्टॉकसाठी याचा उपयोग शून्य. भरणी रात्री होते, त्यामुळे गोदामवाले अजून टॅलीच बघतात आणि ते बरोबरच आहे. आणखी एक अडचण अगदी मामुली, पण त्रासदायक. एक्सएमएल मागायचं तर त्या मशीनवर टॅली चालू हवी, कंपनी उघडलेली हवी आणि पोर्ट (आमच्याकडे 9000) सुरू हवा. संध्याकाळी कुणी कॉम्प्युटर बंद करून गेलं की सकाळी रिपोर्ट कालचाच. आता टॅली वेगळ्या मशीनवर हलवली आहे आणि भरणी अडली की सकाळी आठच्या आत अकाउंट्सच्या मॅडमना मेल जातो.