क्यूबिक की टेट्रागोनल: समीक्षकाच्या शंकेला उत्तर देण्याच्या दोन पद्धती

यिट्रिया डोप केलेल्या झिर्कोनियावरचा शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला आणि दुसऱ्या समीक्षकाने लिहिले, की "नमुना क्यूबिक असल्याचे विधान केवळ क्ष-किरण विवर्तनावर आधारलेले आहे. पीक रुंद आहेत आणि टेट्रागोनल प्रावस्थेची शक्यता त्यातून निकालात निघत नाही." संपादकांनी मोठ्या दुरुस्त्या सुचवल्या आहेत, मुदत ठरलेली आहे, आणि उत्तराचे पत्र लिहायचे आहे. अशा वेळी साधारणपणे दोन मसुदे समोर असतात. पहिल्यात हाती असलेल्या मोजणीचेच अधिक काटेकोर विश्लेषण करून मूळ विधानाचे समर्थन केलेले असते. दुसऱ्यात रामन वर्णपटाची नवी मोजणी जोडून, तिच्या आधारे विधान जेवढे टिकते तेवढेच ठेवलेले असते. यांतला कोणता मसुदा पाठवावा, हे ठरवण्यासाठी एक ठोस नमुना धरून दोन्हींची तुलना येथे केली आहे.

नमुना असा धरू: झिर्कोनियात ८ मोल टक्के Y2O3, सायट्रेट मार्गाने तयार केलेला, ६०० अंश सेल्सिअसला भाजलेला आणि सुमारे १० नॅनोमीटर कणांचा. शुद्ध ZrO2 सामान्य तापमानाला मोनोक्लिनिक असतो, सुमारे ११७० अंशांच्या वर टेट्रागोनल होतो आणि सुमारे २३७० अंशांच्या वर क्यूबिक. यिट्रियामुळे वरच्या दोन प्रावस्था सामान्य तापमानालाही टिकतात. ८ टक्क्यांचे मिश्रण क्यूबिक मानण्याचा प्रघात आहे, परंतु ते नेमके सीमेवर बसते, आणि समीक्षकाची शंका येथूनच उद्भवते.

पत्र लिहिण्याआधी समीक्षकाला कोणत्या प्रावस्थेची शंका आहे हे नीट वाचून घ्यावे, कारण पुढचा निर्णय बराचसा त्यावर अवलंबून आहे. शंका मोनोक्लिनिक मिसळीची असेल, तर प्रश्न सोपा आहे. २८.२ आणि ३१.५ अंशांजवळचे तिचे पीक वेगळे ओळखू येतात, त्यामुळे तेवढा भाग मोठा करून दाखवणारी आकृती बहुधा पुरते. शंका नेहमीच्या टेट्रागोनलची असेल, म्हणजे जिच्यात एक अक्ष किंचित लांब असतो, तर क्ष-किरणांना निदान बोलायला जागा आहे. परंतु मासातोमो याशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ज्या प्रकाराचे वर्णन केले, तो टी-डबल-प्राइम समीक्षकाच्या मनात असेल, तर गोष्ट निराळी होते. या प्रकारात जालकाच्या अक्षांची लांबी समान असते आणि फक्त ऑक्सिजनचे अणू आपल्या जागेवरून सरकलेले असतात. पीक कितीही तीक्ष्ण असले तरी येथे ते दुभंगणारच नाहीत, कारण दुभंगण्यासारखे काही नसते.

आता पहिला मसुदा. त्यातला सर्वांत दुबळा युक्तिवाद बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात येतो: "आमच्या पीकची स्थाने क्यूबिकच्या प्रमाणित कार्डाशी जुळतात." समीक्षकाला हे ठाऊक असतेच. रुंद पीक टेट्रागोनलच्या कार्डाशीही जवळपास तितकेच जुळतात, म्हणून हे वाक्य काढून टाकलेले बरे. खरा युक्तिवाद (४००) पीकभोवती मांडावा लागतो. क्यूबिक नमुन्यात जालकाची लांबी सुमारे ५.१४ अँगस्ट्रॉम धरली, तर तांब्याच्या किरणांनी हा पीक ७३.७ अंशांच्या आसपास एकटा दिसतो. ३ टक्के यिट्रियाच्या ठळक टेट्रागोनल नमुन्यात त्याच जागी ७३.० आणि ७४.३ अंशांजवळ दोन पीक दिसतात. १.३ अंशांचे हे अंतर सहज नजरेत भरते.

परंतु आपल्या नमुन्यात टेट्रागोनल असलाच तर तो इतका ठळक असणार नाही. अक्षांचे गुणोत्तर १.००५ धरून पाहू. मग दोन पीकमधले अंतर केवळ ०.४३ अंश येते. दुसरीकडे, शेररच्या सूत्राने १० नॅनोमीटर कणांमुळे याच कोनापाशी येणारी रुंदी जवळपास १.० अंश निघते. म्हणजे ज्या फटीचा शोध घ्यायचा आहे, तिच्या दुपटीहून अधिक रुंद पडदा तिच्यावर पसरलेला आहे. हे गणित पत्रात आपणच लिहिले तर युक्तिवाद प्रामाणिक ठरतो. लिहिले नाही तर समीक्षक ते दोन मिनिटांत करतो आणि मग पत्रातल्या बाकीच्या उत्तरांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

याच ठिकाणी आणखी एक बारकावा आहे, आणि त्यात चांगले अनुभवी लोकही अडकतात. पीकला खांदा दिसला, की तो टेट्रागोनलचा की उपकरणाचा, असा प्रश्न पडतो. तांब्याच्या के-अल्फा-२ रेषेमुळे येणारा खांदा उजवीकडे, म्हणजे मोठ्या कोनाच्या बाजूला, सुमारे ०.२१ अंशांवर आणि मुख्य पीकच्या अर्ध्या तीव्रतेचा असतो. टेट्रागोनलमुळे येणारा लहान पीक डावीकडे असतो, कारण लांब अक्षाचे परावर्तन लहान कोनाला येते आणि त्याची तीव्रता साधारण निम्मी असते. खांदा कोणत्या बाजूला आहे, एवढ्यावरच पुष्कळदा वाद मिटतो. मात्र हे वापरायचे तर पीक पुरेसा अरुंद हवा. आपल्या १० नॅनोमीटरच्या नमुन्यात दोन्ही खांदे त्या एका अंशाच्या रुंदीत गडप होतात.

यावर उपाय म्हणून नमुना १२०० अंशांना भाजून पीक तीक्ष्ण करण्याचा मोह होतो. तो टाळावा. भाजल्यावर कण मोठे होतात आणि प्रावस्थाही बदलू शकते, त्यामुळे शंका ६०० अंशांच्या नमुन्याबद्दल आणि उत्तर दुसऱ्याच पदार्थाबद्दल, असा प्रकार होतो.

रीटवेल्ड विश्लेषणाचेही तसेच आहे. दोन्ही रचना बसवून पाहाव्यात हे योग्यच, पण निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा. टेट्रागोनल रचनेत मोकळी सोडलेली चले अधिक असतात, म्हणून तिचा अवशेष थोडा कमी येणे स्वाभाविक आहे, आणि तो क्यूबिकइतकाच आला तरी त्यातून क्यूबिक सिद्ध होत नाही. शिवाय टी-डबल-प्राइमचा प्रश्न ऑक्सिजनच्या जागेचा आहे, तर क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. झिर्कोनियमचे ४० इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचे ८, त्यामुळे ऑक्सिजनची हालचाल या मोजणीत जेमतेम उमटते. सरकलेल्या ऑक्सिजनमुळे ४३ अंशांजवळ जो एक जादा पीक यायला हवा, तो प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मोजणीत पार्श्वभूमीच्या वर डोके काढेलच असे नाही. तो दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे पत्रात लिहिता येत नाही.

दुसऱ्या मसुद्याची ताकद येथे कळते. रामन वर्णपट ऑक्सिजनच्या कंपनांना संवेदनशील असतो. क्यूबिक फ्लोराइट रचनेत नियमाने एकच रामन रेषा येते आणि ती सुमारे ६०० ते ६३० प्रति सेंमीच्या पट्ट्यात रुंद दिसते. टेट्रागोनल रचनेत सहा रेषा येतात, साधारण १४५, २६०, ३२०, ४६५, ६१० आणि ६४० प्रति सेंमीजवळ. अक्षांची लांबी समान असली तरी ऑक्सिजन सरकलेला असेल तर या रेषा दिसतात, म्हणून टी-डबल-प्राइमच्या शंकेला थेट उत्तर देणारी, बहुतेक विद्यापीठांत उपलब्ध असलेली मोजणी हीच. २६० आणि ४६५ च्या जागी विशेष लक्ष द्यावे, कारण क्यूबिकची मुख्य रेषा तेथपर्यंत पोचत नाही.

मात्र या मोजणीतही दोन खाचखळगे आहेत. यिट्रियात दुसऱ्या विरळ मृदाधातूंचा अंश असतो आणि त्याची प्रदीप्ती रामन रेषेसारखी दिसू शकते. ५३२ आणि ७८५ नॅनोमीटर अशा दोन लेसरांनी मोजून पाहावे. खरी रामन रेषा दोन्हींत त्याच प्रति सेंमीवर राहते, तर प्रदीप्तीची रेषा हलते किंवा नाहीशी होते. दुसरे असे, की यिट्रियामुळे तयार झालेल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा निवडीचे नियम ढिले करतात आणि क्यूबिकमध्येही रुंद, अस्पष्ट उंचवटे येतात. म्हणून तुलनेसाठी ३ टक्क्यांचा नमुना त्याच सायट्रेट मार्गाने, त्याच ६०० अंशांना भाजून तयार करावा आणि त्याच उपकरणावर मोजावा. बाजारातला भट्टीत पक्का भाजलेला तुकडा येथे चालणार नाही, कारण त्याच्या रेषा कणांच्या आकारामुळेच अधिक तीक्ष्ण असतील.

या दुसऱ्या मसुद्यातला उत्तराचा भाग साधारण असा असावा:

"समीक्षकांचे म्हणणे ग्राह्य आहे. १० नॅनोमीटर कणांमुळे (४००) पीकची रुंदी सुमारे १.० अंश असल्याने लहान टेट्रागोनल विकृती केवळ विवर्तनावरून नाकारता येत नाही. म्हणून आम्ही रामन वर्णपट दोन लेसरांनी मोजला असून तो, त्याच पद्धतीने तयार केलेल्या ३ मोल टक्के नमुन्याच्या वर्णपटासह, नव्या आकृतीत दिला आहे. २६० आणि ४६५ प्रति सेंमीजवळ ८ टक्क्यांच्या नमुन्यात स्वतंत्र रेषा आढळली नाही. 'नमुना शुद्ध क्यूबिक आहे' हे वाक्य बदलून 'विवर्तनाच्या आणि रामन मोजणीच्या मर्यादेत नमुन्याची रचना क्यूबिक फ्लोराइटशी सुसंगत आहे' असे केले आहे."

जुने आणि नवे वाक्य अशी शेजारी ठेवल्याने संपादकांना शोधाशोध करावी लागत नाही. 'शुद्ध' हा शब्द गेला, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तो मोजणीतून कधीच निघाला नव्हता.

न्यूट्रॉन विवर्तन हा तिसरा मार्ग आहे आणि तो तत्त्वतः सर्वांत भक्कम, कारण न्यूट्रॉनांसाठी झिर्कोनियमची विखुरण लांबी ७.१६ फेम्टोमीटर आणि ऑक्सिजनची ५.८० असल्याने ऑक्सिजन येथे झाकला जात नाही. मुंबईत तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीवर अशी मोजणी विद्यापीठांतील संशोधकांनाही करता येते. पण त्यासाठी प्रस्ताव, मंजुरी आणि ग्रॅमांत मोजण्याइतकी भुकटी लागते, तेव्हा दुरुस्तीच्या मुदतीत ती बसवणे अवघड असते. निबंधाचा मुख्य दावाच प्रावस्थेबद्दल असेल तर संपादकांकडे मुदतवाढ मागून ती करावी, एरवी नाही.

निर्णयाची किल्ली यातच आहे. निबंधात क्यूबिक प्रावस्था कोणते ओझे वाहते, ते पाहावे. झिर्कोनिया केवळ उत्प्रेरकाचा आधार म्हणून वापरला असेल आणि निष्कर्ष पृष्ठफळावर बेतलेले असतील, तर नवी मोजणी न करताही पहिला मसुदा पुरेल. अट एवढीच, की रुंदीचे गणित उघड लिहावे आणि 'क्यूबिक' ऐवजी 'क्यूबिक किंवा अल्प विकृतीची टेट्रागोनल' असे म्हणावे. ऑक्साइड आयनांची वाहकता क्यूबिक रचनेमुळे वाढली, असा दावा असेल, तर माझ्या मते पहिला मसुदा पाठवूच नये. अशा निबंधात रामनशिवाय केलेले समर्थन दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच परत येते.

आणि रामनमध्ये २६० व ४६५ च्या रेषा दिसल्याच, तर पत्राआधी निबंध दुरुस्त करावा लागतो. शीर्षकातला 'क्यूबिक' काढावा, वाहकतेची चर्चा टी-डबल-प्राइमच्या अंगाने पुन्हा लिहावी, आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात संपादकांना कळवावे, की समीक्षकांच्या शंकेनंतर केलेल्या मोजणीने प्रावस्थेचा निष्कर्ष बदलला आहे व त्यामुळे अमुक विभाग नव्याने लिहिले आहेत.