‘चित्र बालक’ आणि ‘नदी सूर्य’: मराठी व्हॉइस टायपिंगला पक्ष्यांची नावं शिकवण्याचे आठ महिने

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचा माझा तक्ता परत आला, तेव्हा मी हे लिहायचं ठरवलं. आमच्या गटातल्या काकांनी फोन करून विचारलं, "ताई, चौदा नदी सूर्य म्हणजे नेमके कुठले पक्षी धरायचे?" मी भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावरून होडीत बसून ‘नदी सुरय चौदा’ असं स्वच्छ बोलले होते. त्याच तक्त्यात ‘चित्र बालक’ सात ठिकाणी होतं. काका रागावले नाहीत, पण गणनेत आकड्यापुढचं नाव चुकलं की आकड्यालाही अर्थ राहत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

होडीत एका हातात दुर्बीण असते आणि दुसऱ्या हाताने होडीची कड धरलेली असते. टाइप करणं शक्य नसतं, म्हणून बोलून नोंद. साधं मराठी फोनचा कीबोर्ड फार छान उतरवतो, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. गाडी अडते ती नावांवर. तीही दरवेळी नव्या चुकीने नाही, तर अगदी तीच चूक, त्याच ठिकाणी. चित्रबलाकचं ‘चित्र बालक’, मुग्धबलाकचं ‘मुग्ध बालक’, सुरयचं ‘सूर्य’. मी दर रविवारी तेच तीन शब्द हाताने दुरुस्त करत होते आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा समोर येत होते.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सुचतं तेच केलं. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो, त्यात मराठी निवडून चाळीस नावं एकेक करून भरली. टायपिंगला फायदा लगेच दिसला. ‘चित्रब’ लिहिलं की पूर्ण शब्द वर यायला लागला. बोलताना मात्र माझ्या फोनवर काडीचाही फरक पडला नाही. शब्दकोशाची ती यादी बोटांसाठी होती, कानासाठी नव्हती. हे दोन वेगळे विभाग आहेत हे कळायला मला आठ आठवडे आणि चाळीस नावं लागली, म्हणून आधी सांगते: नावं भरण्यापूर्वी एकच शब्द घाला, तो दहा वेळा बोलून पाहा, मग पुढचे एकोणचाळीस.

असं का होतं ते समजल्यावर माझी चिडचिड थोडी कमी झाली. बोललेलं उतरवणारी प्रणाली फक्त आवाज ऐकत नाही. ‘या आवाजासारखं आणि आधीच्या शब्दांना शोभणारं, सर्वांत जास्त शक्यतेचं काय?’ हेही ती बघते. ‘सूर्य’ तिने असंख्य वेळा पाहिलेला असतो, ‘सुरय’ क्वचितच. दोघांचा उच्चार इतका जवळचा की होडीच्या इंजिनाच्या आवाजात नेहमीचा शब्दच जिंकणार. तेव्हा शब्द माहीत करून देणं पुरेसं नाही, त्याचं पारडं जड करावं लागतं.

पैसे भरून वापरायच्या सेवांमध्ये शब्दयादी देण्याची सोय असते, पण महिन्याला पैसे भरणं मला मान्य नव्हतं. पक्षी मोजायला मी स्वतःच्या खर्चाने जाते, वर ते लिहून काढण्याचंही भाडं कशाला? म्हणून मी पद्धतच बदलली. होडीत फक्त आवाज रेकॉर्ड करायचा आणि घरी जुन्या लॅपटॉपवर Whisper हा फुकट प्रोग्रॅम चालवायचा. त्याला मराठी येतं आणि इंटरनेट फक्त पहिल्यांदा मॉडेल उतरवायला लागतं. medium मॉडेल माझ्या लॅपटॉपवर फार रेंगाळतं, म्हणून रात्री लावून झोपते. small लवकर होतं, पण त्याचं मराठी मला वापरण्याजोगं वाटलं नाही.

यात initial_prompt नावाची एक जागा आहे. तिथे लिहिलेला मजकूर प्रोग्रॅम ‘हे आत्ताच बोलून झालेलं आहे’ असं धरून पुढचं ऐकतो. आधी मी तिथे ‘पक्ष्यांची नावं नीट लिही’ असं लिहिलं होतं. त्याचा उपयोग नाही, कारण ती जागा सूचनेची नाही. तिथे माझ्या नोंदीसारखीच दिसणारी नोंद हवी:

```
whisper hodi.m4a --model medium --language mr \
 --initial_prompt "भिगवण. थापट्या 60, शेकाट्या 30, मुग्धबलाक 12, चित्रबलाक 40, नदी सुरय 6." \
 --carry_initial_prompt True
```

शेवटच्या ओळीपर्यंत मी सहा आठवड्यांनी पोचले, आणि या अनुभवाचा खरा गाभा तीच ओळ आहे. ती नव्हती तेव्हा विचित्र प्रकार व्हायचा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘चित्रबलाक’ अगदी बरोबर यायचं, पुढे कुठेतरी पुन्हा ‘चित्र बालक’ सुरू व्हायचं आणि मग शेवटपर्यंत तेच. मला वाटलं, रेकॉर्डिंगच खराब आहे. कारण वेगळंच होतं. Whisper आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून ऐकतो. initial_prompt मधली माझी नावांची यादी फक्त पहिल्या तुकड्याच्या आधी नक्की हजर असते. पुढे तिची जागा प्रोग्रॅमने स्वतः आधी लिहिलेला मजकूर घेत जातो. म्हणजे एकदा त्याने ‘बालक’ लिहिलं की पुढच्या तुकड्याला तेच उदाहरण म्हणून मिळतं आणि चूक स्वतःच स्वतःला शिकवत राहते. तीच चूक परत परत का येते, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला आधी मिळालं नव्हतं.

carry_initial_prompt चालू केलं की यादी प्रत्येक तुकड्याआधी पुन्हा जोडली जाते. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नाही, तिथे प्रोग्रॅम आधी अद्ययावत करावा लागतो. माझ्याकडच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मी ‘चित्रबलाक’ नऊ वेळा बोलले होते. यादीशिवाय एकदाही बरोबर आलं नाही. नुसत्या यादीने तीनदा आलं, तिन्ही सुरुवातीला. यादी दर तुकड्याला जोडल्यावर आठदा आलं. नवव्या वेळी मी वाऱ्याकडे तोंड करून बोलले होते. ते मलाही ऐकताना नीट कळत नाही.

यादीला जागा मात्र थोडी आहे. दोनशेवीसच्या आसपास शब्दांचे तुकडे मावतात आणि देवनागरी शब्द इंग्रजी शब्दापेक्षा कितीतरी जास्त तुकड्यांत फुटतो. यादी लांबली तर तिची सुरुवात गळते, शेवट राहतो. मी आधी चाळीस नावं कोंबली होती आणि वरची नावं पुन्हा चुकायला लागली, तेव्हा हे लक्षात आलं. आता एका फेरीला पंधराच्या आसपास नावं ठेवते, आणि सर्वांत जास्त चुकणारी शेवटी. ‘बगळा’, ‘घार’ यांना यादीत जागा देत नाही. ती नावं त्याला येतातच.

इथवर मी या पद्धतीवर इतकी खूश होते की गटातल्या सगळ्यांना हेच करा म्हणून सांगत सुटले. मार्चमधल्या एका फेरीने मत बदललं. काठावर चित्रबलाकांचा थवा होता, मी तसं बोललेही होते, आणि उतरून आलं ‘मुग्धबलाक 25’. दोन्ही नावं माझ्याच यादीत होती, मधे वारा होता, आणि पारडं भलत्याच नावाकडे झुकलं. ‘चित्र बालक’ ही चूक दिसते, वाचणारा थांबतो. ‘मुग्धबलाक’ ही चूक दिसत नाही, कारण तो खरा पक्षी आहे आणि भिगवणला तो असतोही. शांत जागी तर असे प्रोग्रॅम कधी कधी न बोललेलेही शब्द लिहितात. यादी जितकी जड, तितका हा धोका मोठा.

म्हणून आता एकच रेकॉर्डिंग दोनदा चालवते, यादीसह आणि यादीशिवाय, आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचते. एकीकडे ‘चित्र बालक’ आणि दुसरीकडे ‘चित्रबलाक’ असेल तर पुढे जाते. एकीकडे ‘चित्र बालक’ आणि दुसरीकडे ‘मुग्धबलाक’ असेल तर आवाज काढून ऐकते. वेळ दुप्पट जातो, पण रात्री लॅपटॉपला दुसरं काम नसतं. मूळ रेकॉर्डिंग तक्ता स्वीकारला जाईपर्यंत पुसत नाही.

तरीही उरलेल्या चुका शेवटी शोधून बदलते:

```
sed 's/चित्र बालक/चित्रबलाक/g; s/नदी सूर्य/नदी सुरय/g' hodi.txt > nond.txt
```

इथे मराठीची एक सोय आहे. ‘चित्र बालकांचा’, ‘चित्र बालकांनी’ ही सगळी रूपं याच एका नियमात सुधारतात, कारण प्रत्यय शेवटच्या ‘क’ला लागतो आणि बदल त्याच्या आधीच होतो. कीबोर्डाच्या शब्दकोशात मात्र ‘चित्रबलाक’ घातलं तरी ‘चित्रबलाकांचा’ हा त्याच्या दृष्टीने वेगळाच शब्द राहिला होता.

‘सूर्य’ला मात्र सरसकट हात लावू नका. मी पहिल्यांदा ‘सूर्य’ दिसेल तिथे ‘सुरय’ असा नियम केला होता आणि ‘साडेसहाला सुरय उगवला’ अशी नोंद तयार झाली. म्हणून आता पक्ष्याचं नाव एकटं बोलतच नाही. नेहमी ‘नदी सुरय’ आणि लगेच आकडा. जोडीदार शब्द असला की ऐकणाऱ्या प्रणालीलाही आधार मिळतो आणि नंतरच्या बदलालाही. नावाला प्रत्ययही लावत नाही. ‘नदी सुरयांची जोडी’ऐवजी ‘नदी सुरय, दोन’. बोलण्याची ही सवय लागायला मला तीन फेऱ्या लागल्या आणि यादीइतकाच फायदा तिचा झाला, असं आज वाटतं.

फोनच्या कीबोर्डाला नावांसाठी मी पाचपैकी दोन देईन, कारण शिकवायला जागा दाखवतो आणि तिथे शिकवलेलं बोलताना वापरत नाही. घरच्या पद्धतीला चार. पाचवा ‘शेकाट्या’साठी राखून ठेवलाय. तो यादीत शेवटी ठेवला, ‘शेकाट्या, तीस’ असं थांबून बोलले, तरी वारा असला की ‘शे काट्या’ होतो, आणि त्याला शोभेल असा जोडीदार शब्द मला अजून सापडलेला नाही. या रविवारी ‘काळा पांढरा शेकाट्या’ म्हणून बघणार आहे.