तीन ॲड नेटवर्क, अकरा महिने: डॅशबोर्डवर वाढलेली आणि खात्यात न आलेली कमाई

माझी एक छोटी साइट आहे, गणिताच्या सोडवलेल्या उदाहरणांची. महिन्याला साधारण पंचवीस हजार पेजव्ह्यू. वर्षभरापूर्वीपर्यंत तिच्यावर फक्त गूगलच्या ॲडसेन्सच्या जाहिराती होत्या आणि महिन्याला सरासरी ४० डॉलर पडायचे. मग वाटलं, साइडबारमधल्या आणि लेखाखालच्या जागा दुसऱ्या कुणाला दिल्या तर चार पैसे जास्त मिळतील. जानेवारीत दोन नेटवर्कं जोडली. एक 'तुम्हाला हेही आवडेल' छापाच्या जाहिराती देणारं, दुसरं साधे बॅनर देणारं. त्यांची नावं घेत नाही, इथे त्यांना दुसरं आणि तिसरं म्हणतो. नोव्हेंबर संपत आला आहे, म्हणजे अकरा महिन्यांचा हा हिशेब आहे.

आकडे आधी सांगतो, कारण माझी चूक त्यातच आहे. जागा वाटून दिल्यावर ॲडसेन्स ४० वरून २२ वर आलं, दुसऱ्याकडून सरासरी १३ यायला लागले, तिसऱ्याकडून ८. बेरीज ४३. म्हणजे महिन्याला तीन डॉलरची वाढ, आणि मी खूश!

पण कमाई वाढली तशी ती तीन पेट्यांत विभागली गेली, आणि प्रत्येक पेटीला आपापलं कुलूप. पैसे निघण्यासाठी जी किमान शिल्लक लागते तो पेआउट थ्रेशोल्ड. ॲडसेन्सचा १०० डॉलर. दुसऱ्याचा ५०. तिसऱ्याचा बँक ट्रान्सफरसाठी १००. एकटं ॲडसेन्स असतं तर जानेवारी ते मार्चचे १२० डॉलर एप्रिलमध्ये आणि एप्रिल ते जूनचे १२० जुलैमध्ये मिळाले असते. जुलैअखेर हातात २४०. प्रत्यक्षात जुलैअखेर माझ्या खात्यात ११० डॉलर होते, ॲडसेन्सचे पहिल्या पाच महिन्यांचे, २३ जूनला आलेले. जुलैअखेर तिन्ही डॅशबोर्डांची सात महिन्यांची बेरीज मात्र ३०१ दाखवत होती. थ्रेशोल्डखालची रक्कम बुडत नाही, पुढे सरकते, हे खरं. पण होस्टिंगचं बिल पुढे सरकत नाही.

ॲडसेन्सचं वेळापत्रक निदान ठरलेलं आहे. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला कमाई अंतिम होते आणि शिल्लक थ्रेशोल्डच्या वर असेल, खात्यावर काही अडवणूक नसेल, तर २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. नवीन लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. शिल्लक १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो. तो टाकेपर्यंत पैसे निघत नाहीत, आणि पिन निघाल्यापासून चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिरातीही बंद होतात. आणखी एक घोळ बरेच जण करतात: साइट आणि यूट्यूब चॅनल दोन्ही असले तरी शिल्लक एकत्र धरली जात नाही. २०२२ पासून दोन्हींची पेमेंट खाती वेगळी आहेत आणि दोन्हीकडे १०० चा थ्रेशोल्ड स्वतंत्रपणे गाठावा लागतो. साइटचे ७० आणि चॅनलचे ६० म्हणजे १३० नव्हेत. पेमेंटच्या हिशेबाने ते शून्य.

आता दुसऱ्या नेटवर्कची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त तिथेच शिकलो. त्यांची अट नेट-६०, म्हणजे ज्या महिन्यात शिल्लक थ्रेशोल्ड ओलांडते त्या महिन्याच्या अखेरीपासून साठ दिवसांनी पैसे. माझे आकडे असे होते: जानेवारी १४.२०, फेब्रुवारी १२.६०, मार्च १३.१०, एप्रिल ११.९०. बेरीज ५१.८०. थ्रेशोल्ड एप्रिलमध्येच ओलांडला, ३० एप्रिलपासून साठ दिवस मोजले की २९ जून. तारीख लिहून ठेवली.

२९ जून आला आणि गेला. मी जुलैभर चिडचिड करत होतो. सपोर्टला दोन मेल टाकले, 'माझं पेमेंट कुठे आहे?' एवढंच विचारणारे. दोन्हींना उत्तर एकच: प्रक्रिया सुरू आहे, धीर धरा. पैसे शेवटी १९ ऑगस्टला आले. माझ्या मोजणीने ५१ दिवस उशीर.

नंतर शांतपणे मागे जाऊन पाहिलं तर हे ५१ दिवस एका जातीचे नव्हते. डॅशबोर्डवर महिन्याअखेरीस दिसतो तो अंदाज असतो. त्यातून अवैध ट्रॅफिकची, म्हणजे खोट्या क्लिक-व्ह्यूंची, आणि जाहिरातदाराने न भरलेल्या पैशांची कपात होते, मग अंतिम आकडा ठरतो. एप्रिलच्या ११.९० मधून २.७० कापले गेले होते, उरले ९.२०. म्हणजे चार महिन्यांची खरी बेरीज ४९.१०. थ्रेशोल्डला नव्वद सेंट कमी! मे महिन्याचे १२.४० आल्यावर शिल्लक ६१.५० झाली आणि साठ दिवसांचं घड्याळ ३१ मेपासून सुरू झालं. देय तारीख ३० जुलै. ५१ पैकी ३१ दिवस उशीर नव्हताच, माझ्या गृहीतकाची चूक होती. खरा उशीर वीस दिवसांचा.

हे मला तेव्हाच का कळलं नाही? कारण कपात झाली की त्यांचा डॅशबोर्ड जुना आकडा पुसून त्या जागी नवा दाखवतो. ना मेल, ना कपातीची वेगळी ओळ. मी १ मे रोजी काढलेला स्क्रीनशॉट फोनमध्ये सापडला म्हणून फरक दिसला.

उरलेल्या वीस दिवसांचं कारणही गमतीशीर निघालं. डॅशबोर्डवर ३१ जुलैपासून "Paid" असं दिसत होतं. तिसऱ्या मेलमध्ये मी इनव्हॉइस क्रमांक, कमाईचे महिने, रक्कम आणि देय तारीख लिहून विचारलं, तर दोन दिवसांत माणसाचं उत्तर आलं. करविषयक फॉर्मवर माझं पूर्ण नाव होतं आणि मी पैसे ज्या ऑनलाइन वॉलेटमध्ये घेतो त्यावर आद्याक्षरं. नाव जुळलं नाही म्हणून वॉलेटने पैसे परत पाठवले होते. "Paid" चा अर्थ 'आम्ही पाठवले' एवढाच, 'तुम्हाला मिळाले' असा नाही. परत गेलेल्या पैशांची खबर द्यायची तसदी कुणी घेतली नाही, याचा राग अजून आहे. नाव दुरुस्त केलं, रक्कम आली. ६१.५० पैकी हाती ५९.६५, बाकी वॉलेटचं शुल्क.

त्यानंतर हिशेबाचं पत्रक नव्याने मांडलं. आधी मी रोज तिन्ही डॅशबोर्ड उघडून आकडे टिपायचो, ते बंद केलं. एका नेटवर्कचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने संपतो, आणखी एकाचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने, त्यामुळे रोजची बेरीज कधीच जुळत नाही आणि उगाच डोकं खाते. सगळे डॅशबोर्ड एकत्र दाखवणारं एक तयार टूलही महिनाभर वापरलं. दिसायला छान, पण ते अंदाजांची बेरीज करतं. पेमेंट आलं की नाही हे त्याला माहीतच नसतं, आणि तिसऱ्या नेटवर्कला टूलकडे आपोआप आकडे पाठवणारं एपीआय नसल्याने तिथली सीएसव्ही फाइल हातानेच भरावी लागायची.

आता पत्रकाला दोन पानं आहेत. पहिल्या पानावर प्रत्येक नेटवर्कच्या प्रत्येक महिन्याला एक ओळ: एक तारखेला दिसलेला अंदाज, नंतर अंतिम झालेला आकडा, दोघांतला फरक आणि पेमेंटचा क्रमांक. अंदाज एकदा लिहिला की त्याला हात लावायचा नाही, अंतिम आकडा शेजारच्या रकान्यात. दुसऱ्या पानावर प्रत्येक पेमेंटला एक ओळ. एका पेमेंटमध्ये पाच महिने मिसळलेले असू शकतात, म्हणून पेमेंट क्रमांक हाच दोन पानांमधला दुवा. दुसऱ्या पानाच्या A रकान्यात थ्रेशोल्ड ओलांडला त्या महिन्याची तारीख, तीही अंतिम आकड्याने ओलांडला तेव्हाची. B मध्ये नेट-६० सारख्या अटीतले दिवस, D मध्ये पैसे खात्यात दिसले तो दिवस. बाकी दोन सूत्रं करतात:

```
C2: =EOMONTH(A2,0)+B2
E2: =IF(D2="",TODAY()-C2,D2-C2)
```

C म्हणजे देय तारीख. E उणे असेल तर तेवढे दिवस अजून बाकी, अधिक असेल तर तेवढा उशीर. E पाचच्या वर गेल्याशिवाय मी आता मेल टाकत नाही, आणि टाकतो तेव्हा ती ओळ तशीच चिकटवतो.

फरकाच्या रकान्याचा फायदा मला अपेक्षित नव्हता. ॲडसेन्सचा अंदाज आणि अंतिम आकडा यांत माझ्याकडे काही सेंटांचाच फरक पडतो. दुसऱ्याकडे उन्हाळ्यानंतर तीन महिने सलग दहा टक्क्यांच्या वर कपात झाली. विचारल्यावर त्यांनी करारातलं कलम दाखवलं: जाहिरातदाराने आम्हाला पैसे दिले तरच ते तुमच्या खात्यात जमा. असं कलम बऱ्याच नेटवर्कांच्या करारात असतं. मी सही करताना वाचलं नव्हतं, वाचायला हवं होतं. कपात वाढत जाणं आणि सोबत नेटचे दिवस वाढवल्याची नोटीस येणं, या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर मी तिथली जागा लगेच रिकामी करीन. अजून नोटीस आलेली नाही.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. सप्टेंबरअखेर तिथे ७२ डॉलर साचले होते आणि मी निवांतपणे १०० ची वाट बघत होतो. मग सेटिंग चाळताना दिसलं की वॉलेटने घेतले तर थ्रेशोल्ड फक्त २५ आहे. खातं उघडताना मी बँक निवडली होती, पद्धतीप्रमाणे थ्रेशोल्ड बदलतो हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे एप्रिलअखेरच थ्रेशोल्ड ओलांडला गेला असता. ऑक्टोबरमध्ये पद्धत बदलली, बदल त्या महिन्याच्या अखेरीपासून लागू झाला. तोवर शिल्लक ८० झाली होती. नेट-४५ ने देय तारीख १५ डिसेंबर.

दुसऱ्याला सध्या लेखाखालची जागा ठेवली आहे. साइडबार पुन्हा ॲडसेन्सला द्यायचा आहे, पण तिसऱ्याचा कोड अजून काढलेला नाही. खातं निष्क्रिय ठरलं तर थ्रेशोल्डखालची शिल्लक जप्त करता येईल असं त्यांचं कलम आहे, आणि नोव्हेंबरचे आठ डॉलर त्यात साचताहेत. ॲडसेन्समध्ये निदान खातं बंद करताना १० डॉलरच्या वरची शिल्लक मागता येते, इथे तसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे शिल्लक एकदा २५ च्या वर नेऊन शेवटचं पेमेंट घ्यायचं आणि मग कोड काढायचा, असा बेत आहे. ८० डॉलरच्या ओळीत E चा रकाना आज उणे सतरा दाखवतोय.