मजुरीचा तासाचा दर: टक्का लावावा की वर्षाचा हिशोब मांडावा?

कोटेशन देताना कामगाराच्या पगारावर सरसकट २५ टक्के चढवावेत की दर मुळापासून काढावा, असा प्रश्न भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्या मित्राने विचारला. त्याच्या टर्नरचा पगार १८,००० रुपये आहे.

टक्क्याची पद्धत झटपट होते. १८,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं की ८६.५० रुपये येतात, २५ टक्के धरून १०८.

आता वर्षाचा हिशोब. पगार २,१६,०००. पूर्ण पगारावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे २८,०८०. ईएसआय ७,०२०, दिवाळीला एक पगार बोनस १८,०००. एकूण २,६९,१००. म्हणजे वाढ जवळपास २५ टक्केच! मग चूक कुठे होते? भागाकारात. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, १५ भरपगारी रजा आणि ८ सणांच्या सुट्ट्या वजा केल्या की २९० दिवस, २,३२० तास उरतात. दर ११६ रुपये. ४०० तासांच्या कामात ३,२०० रुपयांचा फरक पडतो, तोही बहुधा नफ्यातूनच जातो.

मेहनतीचं म्हणाल तर दुसरी पद्धत वर्षातून एकदा, आणि पगारवाढ झाली की पुन्हा करावी लागते. माल येईपर्यंत टर्नर बसून राहतो ते तास यात धरलेले नाहीत; ते मशीनच्या दरात आधीच घेतले असतील तर इथे परत लावू नका.

दोन-चार तासांच्या किरकोळ दुरुस्तीला टक्का चालेल, मात्र २५ ऐवजी ३४ धरा. वर्षभराचा दर बांधून द्यायचा असेल तर हिशोबच मांडा.