प्रायोजकाची जाहिरात: लिहून आलेली वाचावी की मुद्दे घेऊन स्वतः सांगावी?

मराठी पॉडकास्टला पहिला प्रायोजक मिळाला की हा प्रश्न येतोच. एपिसोडच्या मध्ये मिनिटभर जाहिरात बोलायची असते. प्रायोजक एक तर पूर्ण मजकूर पाठवतो, नाही तर पाच-सहा मुद्दे पाठवून "तुमच्या पद्धतीने सांगा" म्हणतो. मी दोन्ही केलंय. तिसरा पर्याय म्हणजे त्यांनीच तयार केलेली ध्वनिफीत मध्ये टाकणं. तो सोपा आहे, पण त्यात आपला आवाजच नसतो, म्हणून इथे सोडून देतो.

लिहिलेल्या मजकुराचे फायदे खरे आहेत. वेळ नेमका कळतो. माझ्या वेगाने साधारण १३० शब्दांना एक मिनिट लागतं. मंजुरी एका फोनवर मिळते आणि "हे राहिलं, ते राहिलं" अशी तक्रार येत नाही. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर परळच्या खोलीत पंखा बंद करून रेकॉर्ड करणाऱ्याला ही सोय मोठी वाटते.

माझं मत फिरलं ते घाण्याच्या शेंगदाणा तेलाच्या जाहिरातीमुळे. मजकूर असा होता: "शुद्धता आणि आरोग्याचा अनोखा संगम, आता आपल्या स्वयंपाकघरात!" मी तो नीट, न अडखळता वाचला. एपिसोड ऐकून मावशीचा फोन आला, "अरे, मध्येच तो दुसरा कोण बोलला?" मी परत ऐकलं आणि तिचं म्हणणं पटलं. एरवी मी ऐकणाऱ्यांना "तुम्ही" म्हणतो, इथे "आपण" झालं होतं. वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली येतो, इथे प्रत्येक वाक्य वर जाऊन संपत होतं. शिवाय जाहिरात दोन दिवसांनी, माइकला जास्त चिकटून रेकॉर्ड केली होती, त्यामुळे खोलीचा नादही बदलला होता. ती ऐकल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण तासभर विश्वासाने ऐकणाऱ्या माणसाशी मी मिनिटभर परक्यासारखा बोललो होतो.

पुढच्या वेळी त्याच प्रायोजकाकडून मुद्दे मागितले आणि आठवडाभर तेल घरी वापरलं. मग रेकॉर्डिंगच्या ओघातच, माइकचं अंतर न बदलता बोललो: "पहिल्या दिवशी पोह्यांच्या फोडणीला शेंगदाण्याचा वास जरा जास्तच आला. आईला लगेच आवडला, मला सवय व्हायला चार दिवस लागले. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसतो, तो घाण्याच्या तेलात असतोच." प्रायोजकाला "जास्तच" खटकलं. मी म्हटलं, हे काढलं तर पुढचं "आवडला" कोणी खरं मानणार नाही. त्यांनी राहू दिलं. मावशीने या वेळी तेल कुठे मिळतं ते विचारलं. एवढ्यावरून विक्री वाढली असं म्हणणार नाही, पण माझ्यापुरता निकाल लागला.

मुद्द्यांच्या पद्धतीचा त्रासही सांगतो. मिनिटाची जाहिरात सहज दीड मिनिटावर जाते आणि मंजुरीत दुरुस्त्या निघतात. म्हणून मी आधीच तीन गोष्टी ठरवून घेतो: नाव कसं उच्चारायचं, सवलतीचा कोड काय आणि कोणतं एक वाक्य शब्दशः हवं. बाकी माझं, आणि दुरुस्ती एकदाच. मुद्दे कागदावर एकेका शब्दात लिहितो: फोडणी, आई, गाळ, कोड. पूर्ण वाक्य लिहिलं की डोळे त्यावर जातात आणि आवाज पुन्हा वाचनाचा होतो. तीनदा बोलतो. पहिल्यात अडखळतो, तिसऱ्यात पाठांतर ऐकू येतं, त्यामुळे बहुतेक वेळा दुसरं घेतो.

स्वतःच्या शब्दांत बोलायचं तर दाव्याची जबाबदारीही आपल्यावर येते. मुद्द्यांमध्ये "कोलेस्टेरॉल नाही" असं होतं. ते मी काढायला लावलं, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच, मग ते या तेलाचं वैशिष्ट्य कसं? आणि ओघ कितीही घरगुती असला तरी ही जाहिरात आहे हे लपवायचं नाही. मुंबईतल्याच 'ॲस्की' या जाहिरात मानक संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं ऑडिओसाठी तसं स्पष्ट बोलून सांगायला लावतात. मी "या भागाला अमक्यांनी पैसे दिलेत, आता त्यांच्याविषयी" असं सरळ म्हणतो. त्याने ओघ तुटत नाही, उलट आवाजावरचा ताण जातो.

म्युच्युअल फंडासारखा प्रायोजक असेल तर मात्र जोखमीचा इशारा आपल्या शब्दांत सांगायचा नाही, तो जसाच्या तसाच हवा. तिथे मी "हे वाक्य त्यांचं आहे, वाचून दाखवतो" म्हणतो, सावकाश वाचतो आणि मग पुन्हा बोलायला लागतो.